थायरॉइड स्टॉर्म: आधी काय, नंतर काय, आणि तो एक तास कशासाठी

प्रश्न: "मी मेडिसिनचा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. थायरॉइड स्टॉर्मच्या औषधांचा क्रम पाठ आहे. पण पहाटे तीनला पेशंट समोर आला तर हा खरंच स्टॉर्म आहे की थायरॉइड वाढलेल्या माणसाला आलेला साधा ताप, हे ठरवायचं कसं? आणि आयोडीन तासाभराने का? आधी दिलं तर काय बिघडतं?"

रक्ताच्या रिपोर्टवरून हे ठरत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. थायरॉइड वाढून ओपीडीत स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या माणसाचा फ्री टी-४ आणि स्टॉर्ममध्ये बेशुद्ध पडलेल्या माणसाचा फ्री टी-४ शेजारी ठेवले, तर कोणता कुणाचा हे पुष्कळदा सांगता येणार नाही. दोघांचाही टीएसएच दबलेला असतो. फरक असतो तो शरीराने हात टेकलेत की नाही, यात. जास्तीच्या हार्मोनचं ओझं महिनोन्‌महिने कसंबसं वाहणारं शरीर एका धक्क्याने कोलमडतं. तापावरचा ताबा सुटतो, मेंदू भरकटतो, हृदय धापा टाकू लागतं, आतडी आणि यकृत बिघडतात. या चारांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या की मी स्टॉर्म समजून उपचार सुरू करतो. रिपोर्ट सकाळी येतो आणि तोपर्यंत थांबणं पेशंटला परवडत नाही. उपचार मिळूनही या आजारात साधारण दहातला एक रुग्ण दगावतो.

एक केस सविस्तर सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय गोष्टी तशाच ठेवल्या आहेत.

चौतिशीची बाई, वजन ४८ किलो. रात्री पावणेतीनला भाऊ घेऊन आला. चार दिवस ताप, दोन दिवस जुलाब आणि उलट्या, संध्याकाळपासून असंबद्ध बोलणं. सोबतच्या चिठ्ठीवर 'गॅस्ट्रो, सेप्सिस?' असं लिहिलेलं. ताप १०३.२ फॅरनहाइट, नाडी १४८ आणि अनियमित, रक्तदाब १५०/६०, श्वास मिनिटाला ३०. ती सारखी चादर चिमटत होती आणि भावाला भलत्याच नावाने हाक मारत होती. फुप्फुसांच्या तळाशी दोन्ही बाजूंना बारीक चरचर ऐकू येत होती.

यातली कुठलीही गोष्ट एकेकटी घेतली तर सेप्सिसमध्ये बसते. मला खटकल्या त्या तीन गोष्टी. पहिली नाडी. तापाने नाडी वाढतेच, एक डिग्री फॅरनहाइटमागे साधारण दहा ठोके धरा. त्या हिशेबाने १०३ तापाला १२०-१२५ समजू शकतो, १४८ नाही. शिवाय पॅरासिटामॉलने ताप १०१ वर आला तरी नाडी १४० च्या खाली यायला तयार नव्हती. दुसरी गोष्ट रक्तदाबातलं अंतर. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसात वरचा आणि खालचा आकडा सहसा जवळ येतात, इथे मध्ये ९० चं अंतर होतं. तिसरी गोष्ट हात. तळवे गरम, ओले, आणि बोटं ताणायला सांगितल्यावर बारीक थरथरणारे. मग उशी काढून मान नीट पाहिली. गळ्याशी दोन्ही बाजूंना सारखी सूज होती आणि तिच्यावर स्टेथोस्कोप ठेवल्यावर हलकी घरघर ऐकू आली. रात्रीच्या घाईत मान उघडून पाहायची राहून जाते. भ्रमिष्ट आणि तापलेल्या प्रत्येक पेशंटची मान पाहायचीच, हा नियम मी स्वतःपुरता कधीच मोडत नाही.

भावाला विचारलं, 'ताप यायच्या आधी कशी होती?' तो म्हणाला, भूक दांडगी पण वाळत चालली होती, थंडीतही पांघरूण घेत नव्हती. गळ्याची गोळी चालू होती, बरं वाटायला लागलं म्हणून दोन महिन्यांपूर्वी बंद केली. एवढ्यावर निदान जवळजवळ झालं.

गुण मोजायची जी पद्धत आपण वापरतो ती बर्च आणि वार्टोफ्स्की यांनी १९९३ मध्ये मांडली. तिच्यावर हिशेब असा झाला: तापाचे २५, भ्रमाचे २०, जुलाब-उलट्यांचे १०, नाडी १४० च्या वर म्हणून २५, फुप्फुसाच्या तळाच्या चरचरीचे १०, एट्रियल फिब्रिलेशनचे १० आणि कारण सापडलं त्याचे १०. एकूण ११०. पंचेचाळीस किंवा त्याहून जास्त म्हणजे स्टॉर्मची दाट शक्यता, २५ ते ४४ म्हणजे उंबरठ्यावर, २५ च्या खाली म्हणजे शक्यता कमी.

या आकड्यावर मात्र डोळे मिटून विसंबू नका. थायरॉइड ठणठणीत असलेला सेप्सिसचा पेशंटही या मोजपट्टीवर ४५ सहज ओलांडतो, कारण ताप, नाडी आणि भ्रम त्याच्याकडेही असतात. म्हणून आधी हार्मोन जास्त असल्याची काही खूण हवी: गळ्याची सूज, पुढे आलेले डोळे, आधीचा आजार किंवा घरच्यांनी सांगितलेली उतरत्या वजनाची हकिगत. ती असेल तरच मोजपट्टी हातात घ्यायची. उलट चूक म्हाताऱ्या माणसांत होते. सत्तरीतला माणूस स्टॉर्ममध्ये थरथरत किंवा बडबडत येईलच असं नाही. तो मरगळलेला, गप्प, भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, ताप जेमतेम शंभर, आणि नव्याने सुरू झालेलं एट्रियल फिब्रिलेशन नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. त्याचे गुण कमी भरतात आणि तो हातातून निसटतो. मोजपट्टी आणि माझं मत जुळलं नाही, तर मी मताच्या बाजूने जातो आणि पहिल्या तासाची औषधं देऊन टाकतो.

आता धक्का कुठून बसतो ते पाहू, कारण उपचाराचा एक भाग त्यावरच ठरतो. सर्वांत जास्त वेळा दिसतं ते या बाईच्या बाबतीत झालं तेच: थायरॉइडच्या गोळ्या बंद करणं किंवा अधूनमधून घेणं. त्याच्या पाठोपाठ संसर्ग. पुष्कळदा दोन्ही एकत्र येतात. तिच्या डाव्या कुशीत, मूत्रपिंडाच्या जागी, थाप मारल्यावर ती कळवळली, आणि लघवीत पू निघाला. गोळ्या बंद केल्याने दोन महिन्यांत हार्मोन चढत गेलं आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाने शेवटचा धक्का दिला. याखेरीज थायरॉइड ताब्यात नसताना केलेली शस्त्रक्रिया, बाळंतपण, अपघात, मधुमेहातला कीटोअ‍ॅसिडोसिस, हार्ट अटॅक, आणि आयोडीन असलेली औषधं हीसुद्धा कारणं असतात. शेवटचं कारण आपल्याच हातून घडतं. सीटी स्कॅनसाठी दिलेल्या कॉन्ट्रास्टमध्ये किंवा अमायोडॅरोन या हृदयाच्या औषधात भरपूर आयोडीन असतं, आणि त्याचा परिणाम कधी कधी काही आठवड्यांनी दिसतो, तेव्हा कुणाला स्कॅनची आठवणही नसते. काही पेशंटमध्ये कितीही शोधलं तरी कारण सापडत नाही. सापडलं नाही म्हणून निदान सोडायचं नाही.

कारण शोधताना एक सापळा आहे. पेशंट थायरॉइडच्या गोळ्या घेतो आहे, ताप आहे आणि घसा दुखतो आहे, तर पांढऱ्या पेशी मोजल्याशिवाय त्या गोळ्या पुन्हा देऊ नका. कार्बिमाझोल, मेथिमाझोल आणि पीटीयू, तिन्हींमुळे क्वचित पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा होतात आणि घशाचा तो संसर्गच धक्का ठरतो. अशा पेशंटला हीच औषधं दिली तर संसर्ग आवरणं कठीण होतं. त्याचा मार्ग वेगळा, त्याकडे पुढे येतो.

औषधांकडे वळण्याआधीची पहिली दहा मिनिटं सगळ्या अत्यवस्थ पेशंटसारखीच. श्वासमार्ग आणि ऑक्सिजन बघा, मॉनिटर लावा, दोन शिरा पकडा, बोटातून साखर तपासा. रक्त औषधांच्या आधी काढा: फ्री टी-४, टी-३, टीएसएच, रक्तपेशी, क्षार, यकृत, शक्य असल्यास कॉर्टिसोल, आणि कल्चर. ईसीजी काढा. मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर गर्भचाचणी करा. पेशंट आयसीयूमध्येच हवा.

क्रम पाठ करण्यापेक्षा एक चित्र डोळ्यांसमोर ठेवा. थायरॉइड म्हणजे कारखाना, आणि त्याला लागून भलंमोठं कोठार. कोठारात काही आठवडे पुरेल इतकं तयार हार्मोन साठलेलं असतं. तिथून ते रक्तात येतं, रक्तातलं टी-४ ऊतींमध्ये टी-३ मध्ये बदलतं, आणि टी-३ हृदयाला, मेंदूला पळवतं. आपली औषधं या साखळीतल्या वेगवेगळ्या कड्यांवर बसतात. आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे हृदयाशी, आत्ता या क्षणी जीव धोक्यात असतो. म्हणून सुरुवात शेवटच्या कडीपासून करायची.

तिथे बीटा ब्लॉकर. ठोके कमी झाले की हृदयाला भरायला वेळ मिळतो, आणि प्रोप्रॅनोलॉलचा मोठा डोस टी-४ चं टी-३ होणंही काहीसं रोखतो. नेहमीचा डोस ६० ते ८० मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी, तोंडाने किंवा नळीतून. पण हे औषध देण्याआधी हृदयाकडे बघायलाच हवं, आणि हे मी माझ्या चुकीतून शिकलो. उमेदवारीच्या काळात एका पन्नाशीच्या पेशंटला मी पुस्तकाप्रमाणे शिरेतून प्रोप्रॅनोलॉल दिलं. त्याची नाडी १६० होती, पाय सुजलेले होते, आणि मी सूज पाहूनही तिचा विचार केला नाही. त्याचं हृदय कित्येक महिन्यांच्या ताणाने आधीच ढिलं पडलेलं होतं, ते वेगाच्याच जोरावर कसंबसं रक्त ढकलत होतं. मी वेग काढून घेतला. काही मिनिटांत रक्तदाब ६० वर आला. पुढचे सहा तास आम्ही रक्तदाब वाढवणारी औषधं लावून बसलो. तो वाचला, पण ते सहा तास मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी आधी छातीवर इकोची मशीन ठेवतो. मोठा अहवाल लागत नाही, डावा कप्पा जोरात आकुंचन पावतो आहे की नुसता थरथरतो आहे एवढं पाहायचं. या बाईचं हृदय जोरात चालत होतं, चरचर ही वेगाने आलेल्या ताणाची होती. तरीही मी लगेच प्रोप्रॅनोलॉल दिलं नाही, एस्मोलॉलची ड्रिप लावली. एस्मोलॉलचा अर्धायुकाल सुमारे नऊ मिनिटं. बिनसलं तर पंप बंद करा, पंधरा-वीस मिनिटांत परिणाम ओसरतो. सुरुवात किलोमागे मिनिटाला ५० मायक्रोग्रॅमने केली. ४८ किलोला ते मिनिटाला २.४ मिलिग्रॅम होतं, म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या द्रावणाचे ताशी १४ मिलिलिटर. सुरुवातीचा भरघोस डोस मी मुद्दाम टाळला. लक्ष्य नाडी ११० च्या आसपास आणण्याचं होतं, ८० करण्याचं नव्हतं. इतक्या तापात आणि इतक्या हार्मोनमध्ये ८० नाडी शरीराला पुरणार नाही. हृदय ढिलं असेल तर याहून कमी मात्रेने, रक्तदाबावर नजर ठेवून जायचं किंवा थांबायचं. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको.

दुसरी कडी कारखाना. पीटीयू ५०० ते १००० मिलिग्रॅम पहिला डोस, मग दर चार तासांनी २५०. किंवा मेथिमाझोल दिवसाला ६० ते ८० मिलिग्रॅम, विभागून. कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर मेथिमाझोलच होतं, फक्त वजनाने थोडं जास्त द्यावं लागतं. १० मिलिग्रॅम कार्बिमाझोल म्हणजे अंदाजे ६ मिलिग्रॅम मेथिमाझोल. पीटीयूची बाजू वरचढ वाटते ती टी-४ चं टी-३ होणं रोखण्यामुळे. पण यकृताला गंभीर इजा करण्याचा त्याचा धोकाही मोठा आहे, त्यामुळे यकृत आधीच बिघडलेलं असेल तर मी मेथिमाझोलकडे वळतो. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र पीटीयूच. बाकी वेळी जे हाताशी असेल ते द्या, योग्य औषधाच्या शोधात तास घालवू नका.

बहुतेक ठिकाणी ही औषधं शिरेतून देण्याजोगी मिळत नाहीत. भ्रमिष्ट, ओकणाऱ्या पेशंटला गोळी कशी द्यायची, हे पुस्तकात सहसा नसतं. आमच्या नर्सने पीटीयूच्या ५० मिलिग्रॅमच्या १२ गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून सिरिंजने ढकलल्या, मागून वीस मिली पाणी दिलं आणि अर्धा तास नळी बंद ठेवली. वेळ कागदावर लिहिली: ३ वाजून ५ मिनिटं. पोटात काहीच टिकत नसेल तर हेच औषध गुदमार्गे देता येतं.

तिसरी गोष्ट हायड्रोकॉर्टिसोन, ३०० मिलिग्रॅम शिरेतून आणि मग दर आठ तासांनी १००. यासाठी थांबायचं कारण नाही, कारखाना बंद करणाऱ्या औषधासोबतच द्या. स्टिरॉइड टी-४ चं टी-३ होणं रोखतं, आणि थायरॉइडच्या जोरामुळे शरीर स्वतःचं कॉर्टिसोल झपाट्याने खर्च करून टाकतं, ती तूटही भरते. गोळ्या ३.०५ ला गेल्या, हायड्रोकॉर्टिसोन ३.१०ला, अँटिबायोटिक ३.२० ला. ताप उतरवायला पॅरासिटामॉल आणि ओल्या फडक्यांनी पुसणं. अ‍ॅस्पिरिन नको, कारण ते प्रथिनाला चिकटलेलं हार्मोन सुटं करून रक्तात मोकळं होणारं हार्मोन वाढवतं. फडक्यांनी पेशंट कुडकुडायला लागला तर थांबा, कुडकुडण्याने उष्णता वाढतेच. पाण्याची तूट भरताना मी साखरेचं आणि मिठाचं द्रावण मिळून वापरतो, कारण यकृतातली साखर संपलेली असते. पण तळाशी चरचर ऐकू येत असेल तर हात आखडता घ्यायचा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. आयोडीनचा मोठा डोस कोठाराचं दार लावतो, आत साठलेलं हार्मोन बाहेर यायचं काही तासांत मंदावतं. हे काम पीटीयू करत नाही, ते फक्त नवीन माल बनू देत नाही. नुसतं पीटीयू दिलं तर कोठार रिकामं होईपर्यंत हार्मोन झिरपतच राहील, म्हणून आयोडीन हवंच. पण आयोडीन हाच कारखान्याचा कच्चा माल आहे. यंत्रं चालू असताना तो ओतला, तर काही ग्रंथी त्याचं हार्मोन करून टाकतात आणि कोठार अधिकच भरतं. निरोगी ग्रंथीत आणि बऱ्याच ग्रेव्हज पेशंटमध्ये एवढं आयोडीन यंत्रं आपोआप थांबवतं, याला वुल्फ-चायकॉफ परिणाम म्हणतात. पण गाठींची, स्वतःच्या मर्जीने चालणारी ग्रंथी या नियमाला जुमानत नाही. रात्री तीनला मानेतली सूज कोणत्या प्रकारची आहे याची खात्री तुम्हाला नसते. म्हणून आधी यंत्रांना कुलूप लावायचं आणि मग कच्चा माल दारात ठेवायचा. नळीतून गेलेलं पीटीयू शोषलं जाऊन ग्रंथीतली यंत्रं थांबवायला साधारण तासभर पुरतो. त्या एका तासाचा अर्थ एवढाच.

याबाबत सगळीकडे एकमत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकन थायरॉइड संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत तासाभराचं अंतर आहे. जपानी संघटनेच्या २०१६ च्याच मार्गदर्शिकेत, हार्मोन जास्त बनणाऱ्या आजारांत दोन्ही एकत्र द्यावीत असं म्हटलं आहे. मी तास पाळतो, पण त्या तासाच्या धास्तीने आयोडीन सकाळच्या राउंडपर्यंत ढकलणं ही त्याहून मोठी चूक मानतो. गजर लावून ठेवा. आमच्याकडे ४ वाजून १० मिनिटांनी नर्सने लुगॉल द्रावणाचे दहा थेंब अर्ध्या पेल्यात मोजून टाकले. पाणी चहासारखं झालं. ते नळीतून गेलं, आणि मग दर आठ तासांनी तेच. पातळ न करता दिलं तर पोटाला झोंबतं. तुमच्याकडे पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण असेल तर ते पाच थेंब, दर सहा तासांनी. या दोन बाटल्यांचे थेंब एकमेकांच्या जागी मोजू नका, दुसरीच्या एका थेंबात आयोडीन कित्येक पट जास्त असतं. आयोडीनची खरी अ‍ॅलर्जी असेल किंवा स्टॉर्मचं कारणच आयोडीन असेल, तर लुगॉल नको. अशा वेळी लिथियम हा पर्याय उरतो, पण त्याची रक्तातली पातळी आणि मूत्रपिंड दोन्हींवर नजर ठेवावी लागते.

पित्तातून आतड्यात येणारं हार्मोन परत शोषलं जातं, ते अडवायला कोलेस्टिरामाइन ४ ग्रॅम दिवसातून चार वेळा देतो. ते बाकीची औषधंही चिकटवून घेतं, म्हणून पीटीयू आणि प्रोप्रॅनोलॉलपासून काही तास लांब ठेवा. एट्रियल फिब्रिलेशन असल्याने रक्त पातळ करण्याचा निर्णयही त्याच रात्री घ्यावा लागतो. तो पेशंटच्या एकूण धोक्यांवर ठरतो.

मघाशी सोडून दिलेला पेशंट आता घेतो: ज्याच्या पांढऱ्या पेशी औषधाने नाहीशा झाल्या. त्याला पीटीयू, मेथिमाझोल, कार्बिमाझोल यांपैकी काहीच देता येत नाही. बीटा ब्लॉकर, स्टिरॉइड, कोलेस्टिरामाइन आणि लिथियम यांच्यावर भार टाकून लवकर प्लाझ्मा एक्स्चेंजकडे जायचं, म्हणजे रक्तातला हार्मोनयुक्त प्लाझ्मा काढून दुसरा द्यायचा. परिणाम एक-दोन दिवसांचाच असतो. तेवढ्यात सर्जनला बोलावून ग्रंथी काढायची तयारी करावी लागते.

किती वेळात काय दिसायला हवं, हे ठाऊक असेल तर धीर टिकतो. एस्मोलॉलने ठोके मिनिटांत उतरतात. ताप आणि अस्वस्थता पहिल्या दिवसात कमी व्हायला हवी. डोकं ताळ्यावर यायला दोन-तीन दिवस लागू शकतात. रक्तातलं टी-४ हळू उतरतं, त्याचा अर्धायुकाल आठवड्याच्या घरात आहे. टी-३ चा मात्र एका दिवसाच्या आसपास, म्हणून आराम टी-३ सोबत येतो. या बाईची नाडी सकाळी सातला ११८ होती, ताप १००.४. अकराला टीएसएच शून्यवत आणि फ्री टी-४ मर्यादेच्या कितीतरी वर असल्याचा फोन आला. तोपर्यंत उपचारांना आठ तास होत आले होते. दुसऱ्या दिवशी एस्मोलॉल काढून प्रोप्रॅनोलॉल ६० मिलिग्रॅम दर सहा तासांनी लावलं. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आला, त्याप्रमाणे अँटिबायोटिक बदललं. तिसऱ्या सकाळी तिने भावाला बरोबर नावाने हाक मारून पाणी मागितलं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत असं काहीच बदललं नाही, तर डोस वाढवत बसण्यापेक्षा प्लाझ्मा एक्स्चेंज करता येईल अशा ठिकाणी पेशंट हलवा. त्याआधी एकदा पुन्हा कारण शोधा. न सुधारणाऱ्या पेशंटमध्ये मला पुष्कळदा नजरेतून सुटलेला संसर्ग सापडला आहे.

आयोडीन आठ-दहा दिवसांपलीकडे मी चालवत नाही, पुढे ग्रंथी त्याला सरावते. स्टिरॉइड हळूहळू उतरवून बंद करायचं. आयोडीन देताना एक किंमत मोजलेली असते, ती पेशंटला सांगून ठेवा: ग्रंथी आयोडीनने भरलेली असल्याने काही आठवडे, कधी महिने, किरणोत्सारी आयोडीनचा उपचार लागू पडत नाही. या बाईला आम्ही गोळ्यांवर स्थिर करून तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेला पाठवलं. घरी जाताना भावाच्या हातात एक कागद दिला, त्यावर दोनच गोष्टी मोठ्या अक्षरात लिहिल्या होत्या: आम्ही सांगेपर्यंत गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि ताप येऊन घसा दुखला तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं. दोन्ही ओळी एकमेकींच्या उलट वाटतात, म्हणून तिने दोन्ही स्वतःच्या शब्दांत सांगेपर्यंत मी तिला सोडलं नाही.